शंभर टक्के अचूकता आणि `alive` नावाचा रकाना

मंगळवार, रात्री

आज प्रात्यक्षिकाच्या तासाला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आला. टायटॅनिक जहाजावरचा कोणता प्रवासी वाचला असेल आणि कोणता नाही, याचा अंदाज बांधणारे मॉडेल करायला मी वर्गाला सांगितले होते, आणि त्याच्या मॉडेलची अचूकता नेमकी 1.0 आली होती. "मॅडम, टेस्टच्या डेटावरसुद्धा एकच येतोय," तो म्हणाला, "आणि क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये डेटा पाच वेळा वेगवेगळा कापून तपासला तरी पाचही वेळा एकच." त्याने कुठलीही लबाडी केलेली नव्हती. डेटाचे दोन भाग पाडणे, एका भागावर मॉडेल शिकवणे, न पाहिलेल्या भागावर तपासणे हे सगळे त्याने वर्गात शिकवल्याप्रमाणे केले होते, आणि म्हणूनच हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो.

आकडा पाहताक्षणी मला शंका आली, ती गणितामुळे नव्हे, तर त्या रात्री जे घडले त्यामुळे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडाले तेव्हा एकाच वर्गाचे तिकीट काढलेल्या, जवळपास एकाच वयाच्या, सारखेच भाडे भरलेल्या दोन पुरुषांपैकी एकाला जीवरक्षक नौकेत जागा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, असे अनेकांच्या बाबतीत झाले. कोण कोणत्या बाजूच्या डेकवर उभा होता, कोणत्या अधिकाऱ्याने कोणाला पुढे सोडले, हे तिकिटाच्या नोंदीत नसते. त्या नोंदींवरून एकाही प्रवाशाबद्दल न चुकणारे मॉडेल शक्यच नाही, त्यामुळे नोंदींच्या पलीकडचे काहीतरी त्याला दिसत असणार, हे उघड होते.

मी त्याला मॉडेलचे डिसिजन ट्री, म्हणजे एकेक प्रश्न विचारत उत्तरापर्यंत नेणारे झाड, छापून दाखवायला सांगितले. एवढ्या गुंतागुंतीच्या प्रश्नाला निदान दहा-वीस फांद्यांचे झाड अपेक्षित होते. पडद्यावर आले ते एवढेच:

```
|--- alive_yes <= 0.50
|   |--- class: 0
|--- alive_yes >  0.50
|   |--- class: 1
```

लिंग नाही, वय नाही, वर्ग नाही. एकच प्रश्न आणि दोन उत्तरे. त्याने डेटा `seaborn` मधून `sns.load_dataset("titanic")` असा घेतला होता. त्या तक्त्यात ८९१ प्रवासी आहेत. ज्याचा अंदाज बांधायचा तो `survived` रकाना ० आणि १ असा आहे, आणि पुढे बराच उजवीकडे `alive` नावाचा आणखी एक रकाना आहे, ज्यात तीच गोष्ट `yes` आणि `no` अशी लिहिलेली आहे. त्याने `survived` काळजीपूर्वक बाजूला काढला, उरलेले सगळे रकाने शब्दांचे ०-१ चे रकाने करणाऱ्या `get_dummies` ला दिले आणि `alive` त्यांच्यासोबत `alive_yes` होऊन आत गेला. दोन्ही रकान्यांची सांगड घालून मोजले तेव्हा ५४९ जणांपुढे ० आणि `no`, ३४२ जणांपुढे १ आणि `yes` निघाले. इतर दोन्ही घरांत शून्य.

टेस्टचा भाग वेगळा ठेवूनही हे का पकडले गेले नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न होता आणि तो अगदी योग्य होता. टेस्टचा भाग वेगळा ठेवल्याने मॉडेलने ओळी पाठ केल्या आहेत का, हे कळते. पण दोन्ही भाग एकाच तक्त्यातून कापलेले असतात. एका भागात उत्तराचा रकाना असला तर तो दुसऱ्यातही असतोच. पाच वेळा कापा की पन्नास वेळा, निकाल तोच राहणार.

असा रकाना तिथे असण्याला सरळ कारण आहे. `seaborn` हे आलेख काढण्याचे साधन आहे, आणि आलेखाखाली ०-१ पेक्षा वाचता येणारा शब्द बरा दिसतो. याच कारणाने तिथे `pclass` सोबत `class` आणि `embarked` सोबत `embark_town` अशा जोड्याही आहेत. विद्यार्थ्याने त्या जोड्या पाहिल्या होत्या आणि एकच माहिती दोनदा असली तरी फारसे बिघडत नाही, असे ठरवून सोडून दिल्या होत्या. त्या जोड्यांपुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे, कारण तिकिटाचा वर्ग जहाज सुटण्यापूर्वीच ठरलेला असतो. `alive` ची जोडी मात्र थेट उत्तराशी आहे.

तो रकाना काढल्यावर अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास आली आणि त्याचा चेहरा पडला. तेव्हा आम्ही शेजारी दोन आकडे मांडले. सगळेच बुडाले असे डोळे मिटून म्हटले तरी ६१.६ टक्के बरोबर येते. स्त्रिया वाचल्या आणि पुरुष बुडाले, एवढाच नियम लावला तर ७०१ प्रवासी, म्हणजे ७८.७ टक्के बरोबर येतात. त्याचे मॉडेल या नियमाच्या जेमतेम पुढे होते. मला हा आकडा मनापासून आवडतो, कारण त्यात त्या रात्री खरोखर काय घडले याचे वजन आहे.

खरी अडचण उत्तर जसेच्या तसे उतरलेले नसते तेव्हा येते. टायटॅनिकचा १३०९ प्रवाशांचा मोठा तक्ता मी त्याला उघडून दाखवला. त्यात `boat` म्हणजे प्रवासी ज्या नौकेतून सुटला तिचा क्रमांक, आणि `body` म्हणजे सापडलेल्या मृतदेहाला दिलेला क्रमांक, असे दोन रकाने आहेत. `body` भरलेले १२१ जण अर्थातच सगळे मृत आहेत. `boat` ४८६ जणांपुढे भरलेला आहे आणि त्यांतले ४७७ वाचले. उरलेल्या ८२३ जणांत वाचलेले फक्त २३. म्हणजे नौकेचा क्रमांक कोणता हे पाहायचीही गरज नाही, रकाना रिकामा आहे की भरलेला एवढ्यावरूनच ९७.६ टक्के अचूकता मिळते. रिकाम्या जागी शून्य भरले तरी ते शून्यच उत्तर सांगते. शंभरचा आकडा पाहून कोणीही थबकेल, पण सत्त्याण्णव पाहून पुष्कळजण पाठ थोपटून घेतील.

म्हणून नावांवरून संशय घेण्याऐवजी मी त्याला प्रत्येक रकान्यापुढे एकच गोष्ट लिहायला लावली: १० एप्रिलला जहाज साउदॅम्प्टनहून सुटले तेव्हा हे माहीत होते का? वय, लिंग, भाडे, सोबतचे नातेवाईक यांपुढे "होय" आले. `boat` आणि `body` पुढे "नाही". केवळ उत्तराशी फार जुळतो म्हणून रकाना काढायचा असता, तर लिंगाचा रकानाही काढावा लागला असता, आणि तो तर सगळ्यांत खरा दुवा आहे.

यादी करताना तो `deck` पाशी अडला. ८९१ जणांपैकी २०३ जणांचाच डेक नोंदलेला आहे. त्यांतले ६७ टक्के वाचले, नोंद नसलेल्यांतले ३० टक्के. प्रवाशाची खोली कोणत्या डेकवर आहे हे सुटण्यापूर्वी ठरलेले होते, पण ती नोंद आज आपल्यापर्यंत कोणाची पोहोचली, हे नंतर ठरले. नोंद असलेले बहुतेक पहिल्या वर्गाचे असल्यामुळे फरकाचा मोठा भाग वर्गामुळेच आहे. उरलेला भाग किती आणि तो वाचलेल्यांकडून माहिती जास्त मिळाल्यामुळे आहे का, हे पाहण्यासाठी फक्त पहिल्या वर्गाचे प्रवासी घेऊन नोंद असलेले आणि नसलेले वेगळे मोजायचे, असे आम्ही ठरवले. तोवर त्याने `deck` पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे आणि अहवालात त्या रकान्यासह आणि त्याविना असे दोन्ही आकडे द्यायचे कबूल केले आहे.