लातूर की पुणे: आजचा हिशेब

पुण्यातील एका कंपनीत अकाउंट्स विभागासाठी मुलाखत देऊन आज पहाटे रात्रीच्या बसने लातूरला परतलो आणि चहा घेता घेता वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तिथे हातात २१,००० रुपये येतील. त्यातून कॉट बेसिसचे ५,५००, मेसचे ३,२००, बसचे १,५०० आणि किरकोळ २,००० वजा जाता ८,८०० उरतील. इथे सीएंच्या कार्यालयात १२,००० मिळतात, पण घरीच राहत असल्याने पेट्रोलसह ३,००० खर्चून ९,००० उरतात. म्हणजे पैशाच्या दृष्टीने पुण्याला जाण्यात काहीच नफा नाही. डिपॉझिट तर मी धरलेलेच नाही.

कामाचे मात्र उलटे आहे. तिथे दिवसभर केवळ पुरवठादारांची बिले नोंदवायची आहेत, तर इथे दर महिन्याच्या ११ तारखेचे जीएसटीआर-१, २० तारखेचे ३बी आणि मधल्या काळात आलेल्या नोटिसांची उत्तरे हे सगळे माझ्याच हातून जाते. तरीही माझ्या शेजारच्या टेबलावरचे दादा सहा वर्षांनंतरही १६,००० वरच आहेत, कारण गावात त्यांना घेणारे दुसरे कार्यालय जवळजवळ नाही.

म्हणून ही नोकरी नाकारतो आहे, पुणे नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत इथे टॅक्स ऑडिटचा एक पूर्ण हंगाम करीन आणि मग बिल नोंदणीसाठी नव्हे, तर करविभागातील जागेसाठी अर्ज करीन. आईला अजून सांगितलेले नाही.