एकच गिअर, तीन निकाल : पिनांवरून दाताची जाडी तपासताना मी काय काय घोळ घातला

२३ दात, ३ मॉड्यूल, २० डिग्री प्रेशर अँगल, साधा बाहेरच्या दातांचा स्पर गिअर, प्रोफाइल शिफ्ट वगैरे काही नाही. हा जॉब मी आधी भंगारात टाकला, मग जाड आहे म्हणून परत हॉबिंगला पाठवायला निघालो आणि शेवटी तोच पास केला. मधल्या काळात गिअरला कोणी हात पण लावला नव्हता, बदलत होतं ते फक्त माझं गणित.

ड्रॉइंगवर पिच सर्कलवरची दाताची जाडी दिली होती, ४.६५२ ते ४.६१२ मिमी. बॅकलॅशशिवायची थिअरीतली जाडी म्हणजे पाय गुणिले मॉड्यूल भागिले दोन, ती येते ४.७१२, म्हणजे डिझाइनवाल्याने साठ ते शंभर मायक्रॉन पातळ मागितला होता. पण पिनांवरचं माप किती यायला पाहिजे ते कुठेच लिहिलेलं नाही. गिअर टूथ व्हर्निअर होता, पण तो दाताच्या डोक्यावर टेकतो त्यामुळे बाहेरचा व्यास जरा इकडेतिकडे असला की जाडीचं रीडिंग पण हलतं, आणि चाळीस मायक्रॉनच्या पट्ट्यात त्याच्यावर विश्वास ठेवायची माझी हिंमत नाही. म्हणून पिना.

पहिला प्रश्न पिन केवढी घ्यायची. हाताशी साडेचार मिमीच्या दोन पिना होत्या, त्या खाचेत टाकल्या तर दातांच्या डोक्याच्या खालीच बसल्या, मायक्रोमीटर लावला की तो पिनांवर नाही तर दातांवरच टेकायचा. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की त्या पिनांवर माप साडेत्र्याहत्तरच्या आसपास येतं आणि गिअरचा बाहेरचा व्यासच ७५ आहे, मग दिसणार काय! तर पिन अशी पाहिजे की ती डोक्याच्या वर थोडी यावी, खाली तळाला टेकू नये, आणि दोन्ही बाजूंना दाताला पिच सर्कलच्या जवळपास शिवावी. जुना ठोकताळा मॉड्यूल गुणिले १.७२८ असा आहे, तो ५.१८४ देतो. बरोब्बर पिच सर्कलवर शिवणारी पिन पाहिजे असेल तर हे असं :

```
η  = π/(2z) − inv α
φ  = tan α + η          (रेडियनमध्ये)
dp = db · (inv φ + η)
```

इथे z म्हणजे दातांची संख्या, α प्रेशर अँगल, dp पिनचा व्यास, φ पिनच्या मध्याजवळचा प्रेशर अँगल, η नुसता मधला आकडा, आणि inv म्हणजे इन्व्होल्यूट फंक्शन, tan मधून तोच कोन रेडियनमध्ये वजा करायचा, बस. बेस सर्कलचा व्यास db म्हणजे ६९ गुणिले cos २०, ६४.८३९. माझ्या गिअरला उत्तर आलं ५.१५१ मिमी. प्रोफाइल शिफ्ट असेल तर हे सूत्र असंच वापरू नका, शिफ्ट त्याच्यात घ्यावी लागते, नाहीतर पिन फार वर किंवा फार खाली शिवेल.

आता ५.१५१ ची पिन कोण ठेवतं? आणि खरं सांगायचं तर तिची गरज पण नाही, हे मला उशिरा उमगलं. वरच्या तिन्ही अटी पाळणारी कुठलीही पिन चालते, फक्त गणितात तोच व्यास घालायचा. मी कडक केलेल्या ५ मिमीच्या डॉवेल पिना घेतल्या. त्या साधारण ६८.६ व्यासावर शिवतात, पिच सर्कल ६९, म्हणजे मस्तच, आणि डोक्याच्या वर प्रत्येक बाजूला ०.२ मिमी येतात. हे ०.२ कमीच आहे हं, दाताच्या टोकाला बर राहिली असेल तर मायक्रोमीटरचा अ‍ॅन्व्हिल आधी तिच्यावर टेकेल, म्हणून आधी बर काढून टाका.

मग मापाचं गणित. सूत्रं दोनच आहेत :

```
inv φ = s/d + inv α + dp/db − π/z
M     = db · cos(90°/z) / cos φ + dp
```

s म्हणजे पिच सर्कलवरची जाडी, d पिच व्यास, M पिनांवरचं माप. अडचण एकच, inv φ मिळतं पण त्यावरून φ उलटा काढायला सरळ सूत्र नाही. पूर्वी लोक इन्व्होल्यूटची टेबलं उघडून बसायचे, मी शीटमध्ये हे तीनचार वेळा खाली ओढतो :

```
φ_new = φ − (tan φ − φ − inv) / tan²φ
```

सुरुवात ०.४ रेडियनपासून केली की चौथ्या ओळीला आकडा हलायचा थांबतो. शीटमध्ये TAN ला सरळ 20 दिलं तर ती त्याला रेडियन समजते, RADIANS(20) द्यायचं. उत्तर इतकं विचित्र येतं की ही चूक निदान लपत तरी नाही.

लपणारी चूक वेगळीच निघाली. मी ज्या जुन्या शीटवरून उचललं ती सम दातांच्या गिअरची होती आणि तिच्यात cos(90°/z) हा तुकडाच नव्हता. सम दात असतील तर दोन पिना अगदी समोरासमोर येतात. २३ दातांत समोर खाच नसतेच, दात असतो, मग दुसरी पिन बाजूच्या खाचेत टाकावी लागते, एका बाजूने मोजलं तर मध्ये ११ दात, दुसऱ्या बाजूने १२. पिना अशा तिरक्या बसल्या की त्यांच्यातलं अंतर कमी होतं. या गिअरला तो गुणक ०.९९७६७ आहे, दिसायला काहीच नाही पण मापात ०.१६४ मिमीचा फरक. मी तो न धरता लिमिट काढली ७५.४०५ ते ७५.३०८. आणि चार ठिकाणी मोजलं तर ७५.२४६, ७५.२५५, ७५.२५१, ७५.२५२. सरासरी ७५.२५१, म्हणजे खालच्या लिमिटच्याही खाली सत्तावन्न मायक्रॉन! दात पातळ, परत जाड होणार नाही, लाल टॅग लावून मोकळा झालो.

हॉबिंगवाले दादा आले आणि म्हणाले, "अरे मी डेप्थ अजून पूर्ण दिलेली पण नाही, पातळ होईलच कसा?" त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी शीट परत उघडली, नाहीतर जॉब गेलाच होता. cos चा तुकडा घातला, नवीन लिमिट आली ७५.२४१ ते ७५.१४४. आता ७५.२५१ हे वरच्या लिमिटच्या दहा मायक्रॉन बाहेर, म्हणजे दात जाड. दादांचं म्हणणं पण जुळलं, सगळे खूश, जॉब परत मशीनवर चढवायचा ठरला.

चढवायच्या आधी सहज म्हणून मी पिनाच मोजल्या. डॉवेल पिन साधारणपणे एम ६ टॉलरन्सची असते, म्हणजे ५ मिमीची पिन ५.००४ ते ५.०१२ मध्ये कुठेही असू शकते, ५.००० ती कधीच नसते कारण ती ठोकून बसवायलाच बनवलेली आहे. माझ्या दोन्ही ५.००८ निघाल्या. मला वाटलं आठ मायक्रॉन ना, मापात पण आठच वाढतील, पण तसं होत नाही. जाड पिन स्वतः तर मोठी असतेच, वर ती त्या पाचरीसारख्या खाचेत उंच पण बसते. मापातला फरक पिनच्या फरकाच्या १ अधिक १ भागिले sin φ इतका पट येतो, आणि φ इथे २३ डिग्रीच्या आसपास आहे म्हणजे साडेतीन पट. आठ मायक्रॉनचे अठ्ठावीस झाले.

५.००८ घालून शेवटची लिमिट : ४.६५२ जाडीला ७५.२६९ आणि ४.६१२ जाडीला ७५.१७३. माझं ७५.२५१ मधोमध नाही पण निवांत आत. जाडीत बदलायचं तर इथे माप जाडीच्या २.४ पट हलतं, वरच्या लिमिटपासून अठरा मायक्रॉन खाली म्हणजे जाडी साडेसात मायक्रॉन कमी, साधारण ४.६४४. पास. टॅग काढला.

मोजताना हाताचा भाग पण आहे. ७५ ते १०० चा मायक्रोमीटर, आधी ७५ च्या सेटिंग रॉडवर झिरो बघितला. पिना पडू नयेत म्हणून ग्रीसचा ठिपका लावला तर एका जागी रीडिंग वीस मायक्रॉन जास्त यायला लागलं, ग्रीस पिनच्या खाली गेलं होतं, तेव्हापासून पुसून घेऊन रबर बँड. विषम दातांमध्ये मायक्रोमीटर जरा हलवून सगळ्यात मोठं रीडिंग पकडायचं आणि दाब रॅचेटचाच, कारण जोरात आवळलं की पिन पाचरीत रुतते आणि माप खाली येतं. आणि एक लक्षात ठेवा, हे माप रनआउट दाखवत नाही, एका बाजूची पिन आत गेली तर समोरची जवळपास तेवढीच बाहेर येते. माझ्या चार रीडिंगमध्ये नऊ मायक्रॉनचा फरक होता म्हणून गिअर सेंटरला आहे असा अर्थ मी काढणार नाही, रनआउटला डायल लावून एकेक खाच वेगळी बघावी लागते.

पुढच्या जॉबला पिनांवर ७५.३२० आलं, यावेळी खरंच जाड. दादांना डेप्थ किती द्यायची ते सांगायचं होतं. पट्ट्याचा मध्य ७५.२२१, म्हणजे माप ९९ मायक्रॉन उतरवायचं. हॉब आत गेला की जाडी डेप्थच्या दोन tan २० पट कमी होते, ०.७२८, त्याला २.४ ने गुणलं की पावणेदोन. ९९ भागिले १.७५, साधारण ५७ मायक्रॉन. दादांनी पन्नास दिले, म्हणाले, "सात माझ्याकडे राहू दे, मशीन स्वतःहून देते." उतरवून मोजलं, ७५.२२४.