पादुका वर आल्यावर नदी आपलीच

नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तेव्हा ज्याला त्याला त्याच क्षणी, त्याच पाण्यात बुडी मारायची असते. आमच्या दिंडीचे विणेकरी बुवा मात्र कुणाला खाली सोडत नाहीत. पुलाच्या अलीकडेच त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "पादुका वर येऊ देत, मग नदी आपलीच हाय." नव्या माणसाला राग येतो. एवढं चालून यायचं आणि नेमक्या वेळी लांब थांबायचं? यंदा वरच्या कठड्याला टेकून मी घाट निवांत पाहिला आणि बुवांचं म्हणणं पटलं.

उतरत्या पायऱ्यांवरची गर्दी सपाट रस्त्यासारखी वागत नाही. सगळ्यात वर उभ्या असलेल्याला पाणी दिसतच नाही. त्याच्या कानावर नुसता गजर येतो आणि तो बोटभर पुढे सरकतो. त्याच्या पुढचाही बोटभर सरकतो. कुणी कुणाला ढकलत नसतं, तरी हे बोटभर जमत जमत खालच्या पायरीवर हातभर होतं आणि त्या माणसापुढे फक्त नदी उरते. त्यात अंघोळ उरकलेले त्याच वाटेनं वर यायला बघतात, म्हणजे मध्येच दोन्हीकडून दाब. एका बाप्याचा तांब्या सुटून टणटणत खाली गेला, तो घ्यायला तो वाकला आणि दिसेनासाच झाला. शेजारच्या दोघांनी बंडी धरून उपसून काढला म्हणून बरं.

बुवांची गर्दीची खूण साधी आहे. हात वर नेऊन स्वतःच्या कपाळाला लावता येईना, किंवा पाय आपण टाकू तिथे पडेना, की निघायचं. निघायचं म्हणजे उलटं फिरून वर चढायचं नाही, ते जमतच नाही. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि लोंढ्यातून तिरकं तिरकं गर्दीच्या कडेकडे सरकायचं. पडलेली वस्तू गेली समजायची. दिंडी त्या दिवशी घाटापासून बरीच बाजूला, पालखी पुढे निघाल्यावर, निवांत न्हाली. पुण्य कमी पडलं असं कुणी म्हणालं नाही.

पंढरपुरात प्रकरण वेगळं. तिथे गर्दी तर असतेच, पण खरी गोम वाळवंटात आहे. महाद्वार घाटासमोर एक होडीवाले मामा भेटले. मी म्हटलं, "मामा, पाणी तर गुडघाभर दिसतंय." ते हसले. "दिसतंय गुडघाभरच. पुढच्या पावलाला काय आहे, ते सांगा बघू." वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत. गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत आणि त्यांच्या कडा भुसभुशीत असतात. कडेवर पाय पडला की वाळू पायासकट आत घसरते. गुडघ्याचं पाणी एका पावलात गळ्याला येतं. पोहणारासुद्धा दचकून तोंड उघडतो आणि पाणी पितो. मामा होडीतून बांबू टोचत टोचत जातात, तसंच आपणही काठीनं पुढची जमीन चाचपावी, काठी टेकेल तिथेच पाऊल टाकावं, असं त्यांचं म्हणणं.

पाण्याला ओढ किती आहे, हे ओळखायची त्यांची रीतही शिकण्यासारखी. काठावर घोट्याएवढ्या पाण्यात नुसतं उभं राहायचं. टाचेखालची वाळू भराभर निघून जाऊन पाऊल रुतायला लागलं, तर ओढ आहे असं समजायचं. किंवा निर्माल्यातलं एखादं फूल टाकायचं. ते आपल्या सावकाश चालण्याच्या वेगानं गेलं तर ठीक, भराभर चालूनही त्याला गाठता येईना तर काठावरच तांब्यानं अंघोळ. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून काल जिथे उभं राहता आलं तिथे आज येईलच असं नाही. पुंडलिकाच्या देवळाच्या किंवा पुलाच्या खांबांच्या मागे पाणी संथ वाटतं, पण तिथे ते गरगरतं आणि तळ कोरून काढतं. ती जागा मामा स्वतःही टाळतात.

आणि पाणी वाढतं ते पंढरपुरात पाऊस पडल्यावरच, असं नाही. वर भीमेवर उजनी आहे. नीरेवर वीर धरण आहे आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, म्हणजे उजनीचे दरवाजे बंद असले तरी वीरचं पाणी चंद्रभागेत उतरतंच. आभाळ निरभ्र आणि नदी चढतेय, असं होऊ शकतं. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग काटक्या, जलपर्णीचे पुंजके, फेस वाहत येतो. अंघोळीला उतरण्याआधी पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवायचा. कपडे काढून, धोतर खोचून होईस्तोवर दगड बुडाला तर वर यायचं. भोंगा वाजला तर दगडाचीही वाट बघायची नाही.

आमच्या दिंडीतल्या आक्कांचं मात्र वाळूत काही झालं नाही. त्या घसरल्या पायरीवर. पहाटेचा अंधार, गर्दी अजून विरळ. कोरडी पायरी संपते आणि पाण्याखालची सुरू होते, तिथला हातभर पट्टा सगळ्यात वाईट. पाणी खालीवर होत राहतं तसं त्या पट्ट्यावर शेवाळ धरतं, वर साबणाचं आणि तेलाचं बुळबुळीत लिंपण. आदल्या दिवशी पाणी थोडं उतरलं होतं, म्हणून शेवाळाची पायरी उघडी पडून नुसती ओली दिसत होती. आक्कांनी पुढचा पाय टाकला आणि त्या बसक्या घसरत दोन पायऱ्या खाली, कमरेएवढ्या पाण्यात. नऊवारी भिजून पायात गुंडाळली, उठता येईना, आणि पाणी त्यांना घाटाच्या कडेनं खाली ओढायला लागलं.

त्यांची सून धावत उतरणार, तोच बुवांनी तिचा दंड धरला. त्याच शेवाळावरून तीही गेली असती. त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, एक टोक स्वतः धरून कोरड्या पायरीवर फतकल मारली, मागून दोघांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली, आणि दुसरं टोक आक्कांच्या वरच्या बाजूच्या प्रवाहात फेकलं, म्हणजे वाहत्या पाण्यानं ते त्यांच्याकडे नेलं. "हाताला एक वेढा घाला, गाठ मारू नका!" आक्कांनी वेढा घातला. ओढलं नाही, नुसतं ताणून धरलं. पाण्यानंच त्यांना काठाला आणून लावलं. ढोपर सोलवटलं, तेवढंच.

मग आम्ही सगळे त्याच पायऱ्यांवर बसून उतरलो. अगदी लहान पोरासारखं, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकत, हात मागे टेकून. शेवाळाचा पट्टा तांब्यानं वाळू मारून खरवडला, त्यावर टाच धरायला लागली. बायकांनी साडीचा काष्टा घट्ट मारून पदर कमरेला खोचला. एकमेकांचे हात धरून रांग करायची आमची जुनी हौस बुवांनी मोडून काढली: एक घसरला की रांगच जाते. त्याऐवजी घाटाच्या कडीला दोर बांधला, ज्यानं त्यानं दोर धरायचा. एका वेळी चौघं पाण्यात, चौघं कोरड्यात कपडे सांभाळत आणि पाण्याकडे तोंड करून. सूर कुणी मारायचा नाही, बुडी घ्यायची तर बसल्या बसल्या. वर येताना एका कडेनं, कारण ओले पाय सगळी पायरी ओली करतात आणि मागून उतरणाऱ्याला ती कोरडी हवी असते.

आक्कांनी शेवटी तांब्यानंच अंघोळ केली, वरच्या पायरीवर, सुनेला पाणी आणायला लावून. वर तिलाच ओरडल्या, "हळू ओत की गं, पाणी नाकात जातंय!"