एकच मँगनीज, दोन रंग: फ्रँकलिनच्या तुकड्यावरच्या नोंदी

मागच्या वेळी लिहिलं होतं, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली माझा फ्रँकलिनचा तुकडा जवळजवळ काहीच चमक दाखवत नाही. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचा हा दगड मुठीत मावेल एवढा आहे. जळगावकडचा एक स्टिलबाइट देऊन तो अदलाबदलीत मिळवला. साध्या उजेडात पांढरट कॅल्साइट, त्यात फिकट तपकिरी विलेमाइट आणि फ्रँकलिनाइटचे काळे दाणे दिसतात. टॉर्चखाली विलेमाइट जेमतेम हिरवट व्हायचा, कॅल्साइट मात्र थंडच.

या महिन्यात शेवटी शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा, दिवा तयार झाला. ओझोन न सोडणारी जंतुनाशक नळी घेतली, चोकसह पत्र्याच्या पेटीत बसवली आणि तोंडाशी २५४ नॅनोमीटर जाऊ देणारा फिल्टर लावला. नळीपेक्षा फिल्टर महाग पडला, पण त्याला पर्याय नाही. पाऱ्याची नळी अतिनीलबरोबर निळा-जांभळा दृश्य प्रकाशही सोडते. तो अडवला नाही तर दगडावर पडलेला दिव्याचाच निळा रंग आपण दगडाची चमक समजतो. माझ्या जुन्या ३९५च्या टॉर्चने नेमकं हेच केलं होतं आणि तेव्हाच्या निम्म्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. २५४चे किरण डोळे आणि कातडी भाजतात, म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घातल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

अंधारात दिवा लावला आणि कॅल्साइट निखाऱ्यासारखा केशरी-लाल पेटला. त्यात विलेमाइट झगझगीत हिरवा, फ्रँकलिनाइट कोळशासारखा काळा. मग दिवा आणि दगड यांच्यामध्ये खिडकीच्या काचेचा तुकडा धरला. लाल रंग तिथल्या तिथे विझला, काच काढली की परत आला. साधी काच २५४ अडवते, त्यामुळे ही चमक शॉर्टवेव्हचीच आहे याची खात्री घरबसल्या होते.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी, की लाल आणि हिरवा दोन्ही मँगनीजचेच आहेत. विलेमाइट हे झिंकचं सिलिकेट. त्यात थोडं मँगनीज झिंकच्या जागी बसतं आणि त्याच्याभोवती चार ऑक्सिजन असतात. कॅल्साइटमध्ये ते कॅल्शियमच्या जागी बसतं, तिथे सहा ऑक्सिजन. या शेजाऱ्यांचा दाब मँगनीजच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या सरकवतो. सहा जणांच्या घेऱ्यात दाब जास्त, त्यामुळे इलेक्ट्रॉन खाली येताना सुटणारी ऊर्जा कमी भरते आणि प्रकाश लालकडे झुकतो. चौघांमध्ये उडी मोठी राहते, म्हणून हिरवा. फ्रँकलिनाइटमध्येही मँगनीज असतं, पण तो लोखंडाने भरलेला आहे आणि लोखंड मिळालेली ऊर्जा प्रकाश न होऊ देता उष्णतेत जिरवतं.

कॅल्साइटचं आणखी एक अडतं. त्यातलं मँगनीज एकटं असेल तर २५४चे किरण जवळजवळ शोषतच नाही. फ्रँकलिनच्या कॅल्साइटमध्ये शिशाचाही अंश आहे. शिसं ते किरण शोषतं आणि ऊर्जा शेजारच्या मँगनीजला देतं. चमकतं मँगनीज, पण त्याला जागं करणारं शिसं. ३६५ शिशाच्या कामाचं नाही, म्हणून टॉर्चखाली कॅल्साइट थंड होता.

हे कळल्यावर घरातले जळगावकडचे चार कॅल्साइट काढले. एकही लाल झाला नाही. त्यांत मँगनीज नाही, की शिसं नाही, की लोखंड जास्त आहे, हे नुसत्या दिव्याने ठरवता येत नाही. तिघांवर फिकट पिवळसर चमक आली आणि दिवा बंद केल्यावरही दोन-तीन सेकंद रेंगाळली. हाताचं तेल असेल म्हणून ॲसिटोनने पुसून पुन्हा पाहिलं. चमक तशीच राहिली, म्हणजे ती दगडातलीच.

चौथ्याने वेगळंच दाखवलं. स्फटिकाच्या बुडाशी एक बारीक, निळसर-पांढरी रेघ सरळ आडवी गेली होती. ३६५च्या टॉर्चखाली ती आणखी ठळक झाली. भिंगातून पाहिलं तर मोडलेला स्फटिक डिंकाने परत चिकटवलेला निघाला. विकत घेताना दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. खनिजाची चमक वाढीच्या थरांनुसार किंवा पूर्ण दाण्यात पसरते. तुटीच्या रेषेवरून कडेला ओघळलेली चमक दिसली की मी डिंकाचा संशय घेतो. आता प्रत्येक नवा नमुना कपाटात जाण्याआधी टॉर्चखालून जातो.

पुढच्या आठवड्यात स्कोलेसाइट आणि कॅल्सेडनीचे डबे उघडणार आहे. कॅल्सेडनीच्या दोन तुकड्यांच्या कडेला शॉर्टवेव्हखाली हिरवी झाक दिसली आहे. ती बहुधा युरेनिल या युरेनियमच्या आयनाची, म्हणून प्रकाश रंगांत फोडणाऱ्या सीडीच्या तुकड्यातून त्या हिरव्याचे वेगवेगळे पट्टे दिसतात का ते आधी पाहीन. विलेमाइटच्या हिरव्यात तसे पट्टे नाहीत, एकच रुंद पट्टा आहे.