शंभर किलोहर्ट्झवरचे सव्वीस मिलिव्होल्ट

महापे एमआयडीसीतलं आमचं युनिट लहान आहे. कारखान्यातल्या मोटारींची कंपनं मोजणाऱ्या सेन्सरचा बारीकसा सिग्नल मोठा करायचा, गाळायचा आणि सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसीपर्यंत स्वच्छ पोहोचवायचा, एवढंच आमचं काम. जुलैमध्ये ज्युनिअर ॲनालॉग डिझाइन इंजिनिअरची एक जागा निघाली आणि नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींचे अर्ज माझ्या टेबलावर आले. बाहेर पाऊस कोसळत होता, साइटवर जायचं रद्द झालं होतं, म्हणून सकाळीच गठ्ठा घेऊन बसलो.

प्रोजेक्ट साधारण तेच ते असतात, त्याला माझी हरकत नसते. मला खटकतं ते एक वाक्य, जवळजवळ प्रत्येक पत्रात येणारं : 'सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष निकाल तंतोतंत जुळले.' बाजारातला कपॅसिटर छापलेल्या किमतीपेक्षा दहा टक्के इकडेतिकडे असतो. त्यातून बनवलेला फिल्टर तंतोतंत जुळला, तर तो मोजलाच नसावा असं मला वाटतं.

सातवं-आठवं पत्र कळव्याच्या एका मुलीचं होतं. पत्र इंग्रजीत होतं, इथे मजकूर माझ्या शब्दांत देतो. पहिला परिच्छेद ईसीजी ॲम्प्लिफायरचा. तिने इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरच्या पहिल्याच टप्प्यात हजारपट गेन ठेवला होता. आउटपुट वरच्या सप्लायला जाऊन चिकटलं. आयसी जळला असेल म्हणून तिने एकामागून एक तीन बदलले. शेवटी दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये मल्टिमीटर लावला, तर तिथे ३८ मिलिव्होल्ट डीसी होतं. हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्ट, आणि त्याच्याखाली कातडी व धातू यांच्या संपर्कातून तयार झालेलं हे ३८ मिलिव्होल्ट. हजारने गुणलं की ३८ व्होल्ट, आणि सप्लाय नऊ-नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा. मग तिने पहिल्या टप्प्याचा गेन दहाच्या आसपास आणला, मध्ये कपॅसिटर टाकून डीसी अडवलं आणि उरलेला शंभरपट गेन दुसऱ्या टप्प्याला दिला. सहा-सात ओळींत सगळं सांगितलं होतं, आणि त्या तीन आयसींचा उल्लेख तिने गाळला नव्हता. इथेच मी खुर्ची पुढे ओढली.

दुसरा परिच्छेद फिल्टरचा होता. एक किलोहर्ट्झच्या वरचं सगळं अडवणारा सॅलन-की लो-पास, एलएम३५८ या स्वस्त ऑप-ॲम्पवर, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीवर. दोन्ही रेझिस्टर ११ किलोओहम, कपॅसिटर २२ आणि १० नॅनोफॅरॅड. एक किलोहर्ट्झपर्यंत सगळं हिशोबाप्रमाणे. पुढे तिने लिहिलं होतं : 'वारंवारता दहापट वाढली की सिग्नल शंभरपट कमी व्हायला हवा. तीस किलोहर्ट्झपर्यंत तो कमी होत जातो, त्यानंतर पुन्हा वाढू लागतो. १० व्होल्ट दिल्यावर १०० किलोहर्ट्झला १ मिलिव्होल्ट यायला हवं होतं, २६ आलं. ब्रेडबोर्डचा दोष असेल म्हणून मी तेच सर्किट सोल्डर करून पुन्हा मोजलं. पुन्हा २६. याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.'

सोबत सेमी-लॉग कागदावर हाताने काढलेल्या आलेखाचा फोटो होता. वक्ररेषा खाली येते, तळ गाठते आणि वर वळते. वळणावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर सहकाऱ्याला मी तो कागद दाखवला. ते म्हणाले, "जे जमलं नाही ते अर्जात लिहायचं असतं का? टक्केही बेताचेच आहेत. ठेवा बाजूला."

मी बाजूला ठेवलं नाही, पण माझाही पहिला अंदाज चुकीचाच होता. मला वाटलं, प्रोबचा दोष असणार. स्कोपच्या प्रोबची ग्राउंडची लांब वायर अँटेनासारखी वागते आणि जनरेटरचा सिग्नल हवेतूनच उचलते. नव्या मुलांच्या मोजमापात हे नेहमी होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या काकांकडून एक एलएम३५८ मागून घेतला आणि तिचं सर्किट तिच्याच किमतींनी जोडलं.

आधी प्रोबचं टोक आउटपुटजवळच्या ग्राउंडवरच टेकवलं. हवेतून येत असेल तर इथेही दिसायला हवं. जेमतेम दोन मिलिव्होल्ट. मग टोक आउटपुटवर नेलं आणि २७ मिलिव्होल्ट दिसले. म्हणजे तिचं मोजमाप बरोबर होतं, सिग्नल खरंच तिथे होता.

आता तो येतो कुठून? सॅलन-की फिल्टरमध्ये पहिल्या रेझिस्टरनंतर एक कपॅसिटर थेट ऑप-ॲम्पच्या आउटपुटला जोडलेला असतो. कागदावर आपण आउटपुट म्हणजे न हलणारी जागा मानतो. त्यात कितीही करंट ढकला, व्होल्टेज ऑप-ॲम्प ठरवेल तेच. कमी वारंवारतेला हे खरंही असतं, कारण फीडबॅकमुळे आउटपुटचा रेझिस्टन्स ओहमच्या अंशावर येतो. पण ही ताकद फीडबॅकची आहे, आणि वारंवारता वाढते तशी ती ओसरते. एलएम३५८ ची झेप साधारण एक मेगाहर्ट्झची, तिथे त्याचा गेन एकवर येतो. १०० किलोहर्ट्झला त्याच्याकडे दहापटच गेन उरतो. त्याचा मूळचा आउटपुट रेझिस्टन्स तीनशे ओहमच्या घरात धरला, तर फीडबॅकने तो तीस ओहमपर्यंतच खाली येतो. त्या वारंवारतेला २२ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर जवळजवळ सरळ तारच असतो. म्हणजे इनपुटचे १० व्होल्ट ११ किलोओहममधून येऊन या तीस ओहमवर पडतात. गुणोत्तर काढा : २७ मिलिव्होल्ट.

फिल्टर सिग्नल गाळत होता, पण मागच्या दाराने तोच सिग्नल आउटपुटवर पोहोचत होता. वारंवारता वाढेल तसं हे दार आणखी उघडतं, म्हणून तिची रेषा वर वळली. आदर्श ऑप-ॲम्प घेऊन केलेल्या सिम्युलेशनमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे ते तीनशे ओहम मुळी नसतातच.

हिशोब जुळला तरी खात्री करायची होती. कपॅसिटरचं आउटपुटकडचं टोक काढून ग्राउंडला लावलं. फिल्टरचा आकार बिघडला, एक किलोहर्ट्झजवळचा खांदा झुकला, पण १०० किलोहर्ट्झवरचा तो सिग्नल स्कोपच्या नॉइजमध्ये गडप झाला. वाट तीच होती, यात शंका उरली नाही.

आमच्या कामात या २७ मिलिव्होल्टला फार महत्त्व आहे. आमच्या बोर्डावर फिल्टरच्या बोटभर अंतरावर स्विचिंग सप्लाय असतो, तोही १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारा. एडीसी सेकंदाला दहा हजार नमुने घेतो. सप्लायचा नॉइज १००.३ किलोहर्ट्झवर असेल आणि फिल्टरने तो अडवला नाही, तर नमुन्यांमध्ये तो ३०० हर्ट्झ म्हणून उमटतो. मोटारीच्या बेअरिंगमध्ये नसलेलं कंपन अहवालात दिसतं, आणि एकदा नमुने घेतले की खरं कोणतं, खोटं कोणतं हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. एडीसीच्या आधी गाळलं तरच गाळलं.

मी सीनियरना उठवून बेंचपाशी आणलं. त्यांनी स्वतः कपॅसिटरचं टोक दोनदा काढलं, दोनदा लावलं. मग म्हणाले, "शनिवारी बोलवा. आणि उत्तर तिला आधी सांगू नका."

शनिवारी ती ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरून रिक्षाने आली. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं तिचं सोल्डर केलेलं बोर्ड आणि एक वही होती. मुलाखतीचे नेहमीचे प्रश्न आम्ही लवकर उरकले. नंतर सीनियर तिला बेंचवर घेऊन गेले आणि म्हणाले, "हे तुमचं सर्किट. हव्या त्या गोष्टी बदला, पण बदलण्याआधी काय होईल ते सांगा."

ती पाच मिनिटं नुसती आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, इनपुटपासून आउटपुटपर्यंत जाणारा, ऑप-ॲम्प टाळणारा एकच रस्ता आहे. हा कपॅसिटर."

"मग?"

"यातूनच येत असेल तर रेझिस्टर दहापट आणि कपॅसिटर दहावा भाग केल्यावर कटऑफ तोच राहील, पण हे येणं दहापट कमी होईल."

मी केलेल्या चाचणीपेक्षा ही सरस होती. माझ्या चाचणीत फिल्टर मोडला होता, तिच्या चाचणीत फिल्टर शाबूत राहून फक्त दोष कमी व्हायला हवा होता. काकांनी ११० किलोओहमचे रेझिस्टर आणि २.२ व १ नॅनोफॅरॅडचे कपॅसिटर शोधून दिले. तिने जोडलं, स्कोपवर ॲव्हरेजिंग लावलं. तीन मिलिव्होल्टच्या आसपास.

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून आठवतं. महिनाभर डोक्यात ठेवलेली गोष्ट उलगडल्यावर माणूस जसा क्षणभर गप्प होतो, तशी ती गप्प झाली. मग मी तिला तीनशे ओहमचा हिशोब वहीत मांडून दाखवला. आम्ही बोर्डावर यासाठी काय करतो तेही सांगितलं : फिल्टरनंतर एडीसीच्या तोंडाशी एक साधा रेझिस्टर आणि कपॅसिटर. एक किलोओहम आणि दहा नॅनोफॅरॅड लावले तर १०० किलोहर्ट्झवरचा उरलेला सिग्नल सहापट खाली येतो आणि एक किलोहर्ट्झला धक्काही लागत नाही. या जोडीच्या पुढे ऑप-ॲम्प नसतो, म्हणून तिला मागचं दार नाही.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो. पण सीनियर म्हणाले, "दहापट रेझिस्टर लावून काम झालं, तर सगळेच तसं का करत नाहीत?"

तिने उत्तर दिलं नाही. जनरेटर बंद केला, इनपुट ग्राउंड केलं आणि आउटपुटवर मल्टिमीटर लावला. ९ मिलिव्होल्ट डीसी. जुने ११ किलोओहमचे रेझिस्टर परत लावले, तर २ मिलिव्होल्ट. दोन्ही आकडे तिने वहीत एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. सात मिलिव्होल्टला दोन रेझिस्टरच्या बेरजेतल्या फरकाने भागलं आणि म्हणाली, "पस्तीस नॅनोअँपिअर. हा इनपुटचा बायस करंट आहे, ऑप-ॲम्पच्या इनपुटला सतत लागणारा, तो रेझिस्टरमधून जातोय. ईसीजीच्या वेळी डीसीने असंच फसवलं होतं."

सीनियर माझ्याकडे बघून हसले. तोवर ती काकांकडे वळली होती.

"काका, टीएल०७२ आहे का? त्याचं इनपुट जेफेटचं असतं, त्याला करंट जवळजवळ लागतच नाही."

काका ड्रॉवर उघडत होते.