आमची वाटचाल : रामबागेतली स्टीलची बाटली

इंदूरच्या रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची कामं आटली तसा मी तिथे कॉम्प्युटर टाकला आणि कारखान्यांच्या मालाची थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेली फोटोसारखी चित्रं, करून द्यायला लागलो. सुरुवातीला सगळं प्लास्टिक : डबे, बादल्या, साबणदाण्या. तीन दिवे लावले की काम फत्ते. मग सांवेर रोडच्या एका कारखानदाराने स्टीलची पाण्याची बाटली दिली.

ती काळी आली. मुख्य दिवा दुप्पट केला, चौपट केला. अंगावरची एक बारीक पांढरी रेघ तेवढी भगभगली, बाकी कोळसाच. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "अरे, तू बाटलीवर उजेड टाकतोयस. स्टील समोरचं दाखवतं. तिच्यासमोर काय ठेवलंयस?"

काहीच नव्हतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये धातूपणाचं `Metallic` 1 केलं की वस्तूचा स्वतःचा मऊ, पसरट उजेड संपतो, उरतं फक्त प्रतिबिंब. माझे दिवे लिंबाएवढे आणि भोवती अंधार, मग तिने तरी दाखवावं काय?

बाबांनी माळ्यावरचे सॉफ्टबॉक्स, दिव्यावर लावायच्या पांढऱ्या कापडी पेट्या, आठवून मापं सांगितली. बाटली २६ सेंटीमीटर उंच, म्हणून डावीकडे मीटरभर उंचीचा सपाट चौकोनी दिवा, एरिया लाइट, म्हणजे उजेडाचा पट्टा खांद्यापासून बुडापर्यंत सलग पडतो. उजवीकडे तसाच पण रुंद, चौथाई ताकदीचा. मागून कड उठवायला एक अरुंद पट्टी. आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टीलची कड विरून जाते, ती या काळ्या रेघेने सावरते. दिव्याच्या वॅटपेक्षा त्याचा आकार आणि जागा मोलाची, हे मला तेव्हा उमगलं.

तरी गिऱ्हाईक म्हणालं, "आमची बाटली मॅट आहे, ही तर आरशासारखी दिसते." पृष्ठभागाचा खरखरीतपणा ठरवणाऱ्या `Roughness` ला मी घासल्याच्या रेघांचं चित्र जोडलं होतं, पण `Color Space` `sRGB` वरच राहिली होती. ते चित्र रंग म्हणून वाचलं गेलं की मधला करडा ०.५ घसरून ०.२ च्या आसपास येतो, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत. चित्रातले आकडे जसेच्या तसे वाचणारं `Non-Color` केलं आणि बाटली खरी वाटायला लागली. या एका खटक्यापायी चार दिवस मी दिवेच हलवत बसलो होतो. झाकण मात्र प्लास्टिकचं, तिथे `Metallic` शून्यच ठेवायचं. अर्ध्यावर ठेवलं की ते ना धड धातू, ना धड प्लास्टिक.

त्या कामात हाती फारसं काही उरलं नाही, पण दिव्यांची ती फाइल आजही प्रत्येक बाटली-थर्मासला उघडतो. सध्या टेबलावर स्टीलचा गोल तांब्या आहे. बाटली एकाच दिशेने वळते, तांब्या सगळीकडून. त्याच्या पोटात माझे तिन्ही दिवे चौकोनी खिडक्यांसारखे स्पष्ट दिसतायत. बाबा म्हणतात, पांढऱ्या चादरीचा तंबू कर.