नकार शेवटी येतो

मागच्या महिन्यात भाच्याच्या ऑफिसातला एक जपानी पाहुणा आमच्याकडे दोन दिवस राहायला होता. स्वभाव एकदम गोड, पोह्यांत शेंगदाणे किती आहेत ते मोजून खाणारा, पण भाषेचं काही खरं नव्हतं. मराठी नाही, कन्नड नाही, हिंदी नाही आणि इंग्रजी आपल्या चौथीच्या पोराएवढं. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्यानंच पॅसेंजरने खानापूरच्या बाजूला जंगल बघायला जायचं होतं. भाचा म्हणाला, मावशी तू आहेस की, तुला कन्नड वाचता येतं, तो फोटो पाठवेल आणि तू सांग. मी म्हटलं बरं बाबा, पाठवू दे. शाळेत कन्नड सक्तीचं होतं तेव्हा रडत रडत शिकलेलं कधीतरी असं कामाला यायचंच होतं.

पहिला फोटो सकाळी साडेसातला आला, पिवळ्या पाटीचा. पाटीवर तीन लिप्यांत बेळगावी लिहिलेलं आणि याच्या हातात स्टेशन कोड BGM. त्याला वाटलं चुकीच्या स्टेशनावर आलोय, कारण BGM ही अक्षरं बेळगावीत काही केल्या बसत नाहीत. आता त्याला काय सांगणार, की गावाचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण कोड जुन्या बेलगामचाच राहिला, आणि आम्ही घरात म्हणतो ते तिसरंच, बेळगाव. मी एवढंच कळवलं, बरोबर आहेस, गाडीत बस. नावाचा इतिहास संध्याकाळी चहाबरोबर.

दुसरा फोटो मात्र मला अजून आठवतो. चौकशीच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेला एक कागद, निळ्या स्केच पेनने कन्नडमध्ये तीनच शब्द, विचारणे इल्लि इल्ल. पहिला शब्द बघून मलाच हसू आलं, कारण आपल्याला ते सरळ मराठी क्रियापद वाटतं. कन्नडात विचारणे म्हणजे चौकशी, म्हणजे आपण आणि ते एकाच गल्लीतले. गंमत पुढच्या दोन शब्दांत आहे. इल्लि म्हणजे इथे आणि इल्ल म्हणजे नाही. चौकशी इथे नाही. कन्नड अक्षरांत या दोन शब्दांमधला फरक म्हणजे शेवटच्या ल्ल च्या डोक्यावर एक छोटं गोल वळण, त्याला गुडिसु म्हणतात, आपल्या पहिल्या वेलांटीचा भाऊ समजा. ते वळण असलं तर इथे, नसलं तर नाही. बिचाऱ्या पाहुण्याला वाटलं लिहिणाऱ्याने चुकून एकच शब्द दोनदा लिहिलाय, त्याने चौकशीचा आय मार्क बघून ठेवला होता आणि तो खिडकीसमोर दहा मिनिटं उभा.

विचार करा, काचेवर उजेडाची तिरीप पडली असती किंवा स्केच पेन वाळत आलं असतं आणि शेवटच्या शब्दावर नको तिथे एक रेघ दिसली असती, तर मी काय वाचलं असतं. इल्लि इल्लि. इथे इथे. आणि मीसुद्धा त्याला आनंदाने सांगितलं असतं की थांब रे तिथेच, माणूस येईल. म्हणून मी एक धडा घेतला, की हाताने लिहिलेल्या कन्नड पाटीत इल्लि किंवा इल्ल दिसला की बोटांनी फोटो मोठा करून डोक्यावरचं वळण बघायचं, नुसत्या अंदाजाने पुढे जायचं नाही. आणि दुसरं असं, की शब्दांचं भाषांतर पाठवायचंच नाही. चौकशी इथे नाही असं त्याला इंग्रजीत पाठवलं की तो परत विचारणार, मग कुठे. मी पाठवलं, ही खिडकी सोड, तिकीट खिडकीवर जा. आधी काय करायचं ते, मग जागा, आणि पाटीवर नक्की काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी, आवड असली तर.

तो गेला, तिकीट काढलं, गाडीत बसला. मग तासभर नुसते शौचालय आणि पाण्याचे फोटो. कुडियुव नीरु, म्हणजे प्यायचं पाणी. पुरुषरु, महिळेयरु. हे शब्द देवनागरीत लिहिले की आपल्याला भाषांतर लागतच नाही, शेपटाला रु लागला की कन्नड झालं, पण लिपी अडवते. शेजारी राहून आमची कितीतरी माणसं पन्नास वर्षं महिळेयरुच्या पाटीकडे चित्र बघून ओळखतात, अक्षर बघून नाही. असो.

खरी भानगड मधल्या एका छोट्या स्टेशनावर झाली, नाव सांगत नाही. हा तिथे उतरला, आणि न्यायला आलेला जीपवाला रुळांच्या पलीकडे गाडी लावून हात करत होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एका खांबावर पत्र्याची पाटी, तिच्या उजव्या अंगावर कुठल्याशा क्लासची फ्लेक्स बांधलेली, त्यामुळे निम्मा मजकूर गायब. फोटोत मला दिसलं ते एवढंच, रैल्वे हळिगळन्नु दाटबे. पुढचं फ्लेक्सच्या मागे. खाली हिंदीची एक ओळ, तीही अर्धी खरवडलेली, तिच्यातलं फक्त धारा १४७ वाचता येत होतं.

हळि म्हणजे रूळ, हळिगळन्नु म्हणजे रुळांना, दाटु म्हणजे ओलांडणे. इथपर्यंत सोपं. आता शेवटचं बे. कन्नडात बेकु म्हणजे पाहिजे आणि बेडि म्हणजे नको, आदराने नको. दाटबेकु म्हटलं तर रूळ ओलांडलेच पाहिजेत आणि दाटबेडि म्हटलं तर रूळ ओलांडू नका. दोन्हीची सुरुवात बे नेच! एका अक्षरावर माणूस रुळावर जाणार की पुलावर ते ठरतंय आणि ते अक्षर नेमकं फ्लेक्सच्या मागे. अक्कल वापरली तर उत्तर उघड आहे, कुठलंही रेल्वे खातं रूळ ओलांडलेच पाहिजेत अशी पाटी लावणार नाही, पण ती अक्कल आपल्याला आहे कारण आपण अशा शंभर पाट्या बघितल्यात. त्याला काय दिसत होतं, तर त्याच गाडीतून उतरलेली सगळी माणसं, पिशव्या डोक्यावर घेऊन, एक आजी तर शेळी ओढत, रुळांवरून पलीकडे चाललीयत. पाटीवर रुळांचंच काहीतरी लिहिलंय आणि माणसं रूळ ओलांडतायत, म्हणजे पाटी ओलांडायलाच सांगत असणार. पाहुण्याचा तर्क अगदी बिनचूक होता. फक्त आमचा देश त्याला माहीत नव्हता.

त्याचा मेसेज आला, आता जाऊ का. मी आधी नो लिहिलं, एवढंच, आणि मग फोन लावला. म्हटलं पूल आहे का बघ, जिने चढ, जीपवाला थांबेल. पुलाच्या पायऱ्यांपाशी दुसरी, पूर्ण दिसणारी पाटी होती, मेल्सेतुवे बळसि, म्हणजे वरचा पूल वापरा. ती बघितल्यावर माझाही जीव भांड्यात पडला.

तो हुशार, पूल चढता चढता विचारतो, १४७ ही गाडी आहे का, येणार आहे का आता. गाडी नव्हे रे, ते १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम, परवानगीशिवाय रुळांच्या हद्दीत शिरण्याबद्दलचं. आणि हिंदीवाल्यांचं धारा बघून आपल्याकडच्याही निम्म्या लोकांना गोंधळ होतो, कारण आपल्या धारा पावसाच्या असतात नाहीतर दुधाच्या, कायद्याचं ते कलम. गंमत म्हणजे कन्नडवालेसुद्धा त्याला कलमच म्हणतात. तेवढ्यापुरते आम्ही आणि ते एका बाजूला आणि हिंदी दुसऱ्या बाजूला.

संध्याकाळी परत आला, पाय धुतले, कुंदा दिला बशीत, तर गडी अजून त्या पाटीतच. म्हणाला माझी चूक काय झाली ते सांग. मी वहीत लिहून दाखवलं, इंग्रजीत डू नॉट पहिलं येतं, पाटी कशीही फाटली तरी नकार बहुतेक वाचतो. आमच्यात तो सगळ्यात शेवटी. कन्नडात बेडि, इल्ल, बारदु. मराठीत करू नये, थुंकू नका. म्हणजे फोटो काढताना उजवी कडा सुटली की नकार सुटला आणि पाटी बरोब्बर उलटं बोलायला लागली. म्हणून उद्यापासून फोटो काढशील तो पाटीच्या चारही कडा दिसतील असा काढ, शेवट झाकलेला असेल तर ती पाटी मला पाठव पण तिच्यावर चालू नकोस.

तो जरा वेळ गप्प राहिला, मग त्याच वहीत त्याच्या लिपीत दोन शब्द लिहिले आणि वाचून दाखवले. इकिमासु, जातो. इकिमासेन, जात नाही. शेवटच्या भागावर बोट ठेवून म्हणाला, आमच्याकडेही शेवटीच. मी म्हटलं अरे मग तुला कळायला हवं होतं! तर म्हणतो, घरी आम्ही शेवटपर्यंत ऐकतो, फोटोत शेवट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना बॅग पाठीला लावून तो आमच्या फाटकापाशी थांबला आणि फोटो काढला. चारही कडा घेतल्या हं, शिस्तीत. फाटकावर आमच्या सासऱ्यांनी रंगवून घेतलेली पाटी आहे, वर मराठी, खाली कन्नड. मला दाखवून विचारलं, काय लिहिलंय. बघते तर बोगनवेल वाढत वाढत उजवीकडून आत आलेली, मराठीतला नये तिच्या खाली, कन्नडातलं बेडि पण तिच्याच खाली, आणि उरलंय काय, तर इथे गाडी लावू. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं तीन वर्षं तिथे स्कूटर लावतात, आणि मी तीन वर्षं त्यांच्याशी भांडतेय. मी आतून कात्री आणली.